लॅक्टोज-फ्री दूध हे दूधच असते. दुधाच्या ॲलर्जीत ते का चालत नाही

प्रश्न : आमच्या सव्वा वर्षाच्या मुलीला दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दही भरवल्यावर काही मिनिटांतच तिच्या तोंडाभोवती गांध्या उठल्या होत्या आणि ओठ सुजला होता. दुकानदार म्हणतो की लॅक्टोज-फ्री दूध द्या, त्यात 'डेअरी' नसते. हे खरे आहे का? तिला ते दूध चालेल का?

उत्तर :

नाही. लॅक्टोज-फ्री दूध हे गाईचे किंवा म्हशीचेच दूध असते, म्हणजे ते पूर्णपणे 'डेअरी' असते. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मुलीला ते साध्या दुधाइतकेच धोक्याचे आहे. तिला ते चमचाभरही देऊ नये, चाखून पाहण्यासाठीसुद्धा नाही. घरात आणून ठेवले असेल तर मोठ्यांपैकी ज्यांना दूध चालते त्यांनी ते प्यावे.

दुकानदाराचा गैरसमज कशातून झाला असेल, ते हे दूध कसे तयार होते हे पाहिले की लक्षात येते. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. गाईच्या दुधात ती 100 मिलिलिटरमागे सुमारे पावणेपाच ग्रॅम असते. ही साखर पचवण्यासाठी आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम असते. कारखान्यात दुधाला हेच विकर लावले जाते. ते सहसा यीस्टपासून किंवा विशिष्ट बुरशीपासून मिळवलेले असते. ते लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलेक्टोज अशा दोन साध्या साखरांत विभाजन करते. जे काम आतड्याने करायचे ते आधीच पार पाडून दूध पाकिटात भरले जाते, एवढाच या प्रक्रियेचा अर्थ आहे. साखर काढून टाकलेली नसते, तिचे रूप बदललेले असते, आणि म्हणूनच हे दूध साध्या दुधापेक्षा गोड लागते. काही उत्पादक सूक्ष्म गाळणीतून लॅक्टोजचा काही भाग खरोखर वेगळा करतात आणि उरलेल्यावर विकर वापरतात. अशा दुधात प्रथिनांचे प्रमाण कमी होत नाही, उलट काही वेळा ते साध्या दुधापेक्षा जास्त भरते.

या सगळ्या प्रक्रियेत प्रथिनांना कोणी हात लावलेला नसतो, आणि तुमच्या मुलीच्या शरीराचे भांडण आहे ते प्रथिनांशी. गाईच्या दुधात 100 मिलिलिटरमागे साधारण 3.2 ग्रॅम प्रथिने असतात. त्यांतील सुमारे चार पंचमांश भाग केसिनचा असतो आणि उरलेला व्हे-प्रथिनांचा, ज्यांत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे ॲलर्जीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. लॅक्टोज-फ्री दुधाच्या पाकिटावरील पोषणमूल्यांचा तक्ता वाचलात तर प्रथिनांचा आकडा साध्या दुधाएवढाच दिसेल. ज्यांना तक्त्यावर विश्वास ठेवणे जड जाते, त्यांना मी स्वयंपाकघरातला पुरावा देतो. लॅक्टोज-फ्री दूध तापवून त्यात लिंबू पिळा. ते नेहमीच्या दुधासारखेच फाटते. वर जो चोथा येतो ते पनीर, आणि पनीर म्हणजे मुख्यतः केसिन. खाली जे निवळ पाणी राहते त्यात व्हे-प्रथिने असतात. ज्या द्रवातून पनीर निघते त्यात दुधाचे प्रथिन नाही, असे म्हणण्यास जागाच उरत नाही. हा प्रयोग अर्थातच मुलीपासून दूर करावा.

लेबलावरही हीच गोष्ट लिहिलेली असते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार दूध आणि दुग्धजन्य पदार्थ हे जाहीर करणे बंधनकारक असलेल्या ॲलर्जीकारक घटकांत मोडतात. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'लॅक्टोज-फ्री' असले, तरी मागच्या बाजूला घटकांच्या यादीजवळ 'कंटेन्स मिल्क' अशी सूचना शोधा. 'लॅक्टोज-फ्री' हा साखरेविषयीचा दावा आहे. प्रथिनांविषयी तो काहीही सांगत नाही.

आता मूळ गोंधळाकडे येतो. आपल्याकडे दोन वेगळ्या आजारांना घरोघरी एकच वाक्य वापरले जाते : 'हिला दूध पचत नाही.' लॅक्टोज न पचण्याचा त्रास हा निव्वळ पचनाचा आहे. आतड्यात लॅक्टेज कमी पडले की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जीवाणू ती आंबवतात, वायू तयार होतो, पाणी आतड्यात ओढले जाते, आणि पोट फुगणे, गुडगुडणे, कळ येणे, पातळ जुलाब होणे असा त्रास सुरू होतो. हा त्रास दुधाच्या प्रमाणावर अवलंबून असतो. लॅक्टेज कमी असलेल्या पुष्कळ प्रौढांना एका वेळी कपभर दूध जेवणाबरोबर घेतले तर चालून जाते, आणि दही-ताक तर सहसा सहजच चालते. त्रास कितीही झाला तरी त्यात अंगावर गांधी उठत नाही, ओठ सुजत नाही आणि श्वास अडकत नाही.

ॲलर्जी ही रोगप्रतिकार यंत्रणेची प्रतिक्रिया आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत जो प्रकार दिसतो, त्यात शरीराने दुधाच्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवलेली असतात. प्रथिन पोटात जाताच, किंवा अगदी ओठाला लागताच, हिस्टामिन आणि तत्सम रसायने बाहेर पडतात आणि काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत गांध्या, सूज, उलटी, खोकला, घरघर असे काहीही होऊ शकते. येथे प्रमाणाचा हिशेब पूर्णपणे वेगळा आहे. पाच मिलिलिटरच्या एका चहाच्या चमचाभर दुधात सुमारे 160 मिलिग्रॅम प्रथिन असते, आणि संवेदनशील मुलांना मोजक्या मिलिग्रॅमवरही प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणूनच 'थोडेसेच दिले' किंवा 'पाणी घालून दिले' या युक्तिवादांना ॲलर्जीत अर्थ नाही.

वय हीदेखील एक मोठी खूण आहे. वाढत्या वयाबरोबर लॅक्टेज कमी होत जाण्याचा जो नेहमीचा प्रकार भारतीय प्रौढांत इतका आढळतो, तो पाच वर्षांखालील मुलांत सहसा दिसत नाही. जन्मतः लॅक्टेज नसणे हा अतिशय दुर्मीळ आजार आहे. लहान मुलांत लॅक्टोज न पचण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नुकताच झालेला जोराचा जुलाब. त्याने आतड्याचे अस्तर तात्पुरते झिजते, आणि ते भरून आले की काही आठवड्यांत त्रास संपतो. याउलट दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी बहुतेक वेळा पहिल्याच वर्षात, पहिल्यांदा वरचे दूध, दही किंवा फॉर्म्युला सुरू होताच प्रकट होते. सव्वा वर्षाच्या मुलीला दही भरवल्यावर मिनिटांत ओठ सुजला, तर लॅक्टोजचा विचारही मनात आणण्याचे कारण नाही. त्यात दह्यामध्ये विरजणातील जीवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवलेला असतो, तेव्हा लॅक्टोज हा दोषी असता तर दह्याने उलट कमी त्रास व्हायला हवा होता.

हा फरक न ओळखल्याने काय होते, हे एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. बाळ सहा महिन्यांपर्यंत फक्त आईच्या दुधावर होते आणि उत्तम वाढत होते. सातव्या महिन्यात नाचणीच्या सत्त्वात पहिल्यांदा गाईचे दूध घालून भरवले. दोन-तीन घासांनंतर हनुवटीवर आणि गालावर लाल चकंदळे उठली, अर्ध्या तासात ती गेली. घरच्यांनी ते सत्त्व गरम असल्याने झाले असावे असे धरले. काही दिवसांनी पुन्हा तसेच झाले आणि या वेळी उलटीही झाली. आता 'दूध पचत नाही' असे ठरले, आणि कोणाच्या तरी सल्ल्याने लॅक्टोज-फ्री दुधाचे टेट्रापॅक घरात आले. ते विशेष दूध आहे या विश्वासाने आजींनी रव्याच्या खिरीत ते नेहमीपेक्षा सढळ हाताने घातले. बाळाच्या पोटात दोन-तीन चमचे खीर गेली असेल. खिरीतल्या दुधाचा भाग दहा मिलिलिटर धरला, तरी त्यात 300 मिलिग्रॅमहून अधिक प्रथिन होते. दहा मिनिटांच्या आत अंगभर गांध्या उठल्या, डोळे सुजून मिटले, दोनदा उलटी झाली, आणि मग कोरडा, सारखा खोकला आणि घरघर सुरू झाली. त्वचा, पोट आणि श्वसन अशा तीन ठिकाणी एकदम लक्षणे दिसणे म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, ॲलर्जीची जिवावर बेतू शकणारी प्रतिक्रिया. जवळच्या रुग्णालयात मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन मिळाले, आणि काही मिनिटांत श्वास मोकळा झाला.

या घटनेत दुसऱ्या प्रतिक्रियेनंतर निदान झाले असते तर तिसरी टळली असती. लॅक्टोज-फ्री दुधाचे खरे नुकसान हेच आहे की ते नुसते निरुपयोगी ठरत नाही, तर 'आता हे सुरक्षित आहे' असा भरवसा देऊन हात सैल सोडायला लावते. पुढे बाळ माझ्याकडे आले तेव्हा त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत दुधाच्या जागी आठ मिलिमीटरचा फुगवटा आला आणि रक्तात केसिनविरोधी आयजीई वाढलेले आढळले. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फुगवटा चाचणी सकारात्मक ठरवतो. पण येथे एक सावधगिरी हवी : चाचणी सकारात्मक असणे म्हणजे शरीर त्या प्रथिनाला ओळखते, एवढेच. ॲलर्जी आहे की नाही हे ठरते ते खाल्ल्यानंतर प्रत्यक्षात काय झाले यावरून, आणि शंका असेल तर रुग्णालयात देखरेखीखाली थोडे थोडे देऊन पाहिल्यानंतर. या बाळाची हकीकत इतकी स्पष्ट होती की देऊन पाहण्याची गरजच नव्हती. रक्तातील आयजीजी ही वेगळीच प्रतिपिंडे मोजून शंभर-दीडशे पदार्थांची 'न चालणारी' यादी देणाऱ्या तपासण्या मात्र कोणीही करून घेऊ नयेत. ॲलर्जीच्या निदानात त्यांचा उपयोग नाही.

ॲलर्जीचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण त्याची लक्षणे पोटाची असतात. यात आयजीई गुंतलेले नसते. लक्षणे काही तासांनी किंवा दिवसांनी येतात, आणि त्वचेवरची चाचणी व रक्तचाचणी दोन्ही नकारात्मक येतात. अंगावर पिणाऱ्या, वजन छान वाढणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या शीमध्ये शेंबूड आणि रक्ताचे तंतू दिसणे, हे त्याचे नेहमीचे रूप. अशा वेळी आईला हमखास सल्ला मिळतो की तू लॅक्टोज-फ्री दूध पी, किंवा बाळाला लॅक्टेजचे थेंब दे. दोन्हींनी काही साधत नाही. आईच्या दुधातील लॅक्टोज तिच्या स्तनग्रंथीत तयार होते. ती काय खाते-पिते त्यावर ते अवलंबून नसते, आणि 100 मिलिलिटरमागे सुमारे सात ग्रॅम म्हणजे गाईच्या दुधापेक्षा जास्तच असते. आईने खाल्लेल्या पनीर-दह्यातील गाईची प्रथिने मात्र अत्यल्प प्रमाणात तिच्या दुधात उतरतात, आणि बाळाला तीच बाधतात. म्हणून येथे आईने दोन ते चार आठवडे दूध व दुधाचे सर्व पदार्थ, लॅक्टोज-फ्री दुधासह, पूर्ण बंद करावेत आणि स्वतः कॅल्शियमची गोळी घ्यावी. रक्त थांबले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा दूध सुरू करून पाहावे. लक्षण परत आले तरच निदान पक्के होते. ही शेवटची पायरी गाळली जाते आणि मग आई विनाकारण वर्षभर पथ्य पाळत राहते. स्तनपान थांबवण्याची गरज नसते. तुमची मुलगी अजून अंगावर पीत असेल आणि त्यावर तिला कधीच काही झाले नसेल, तर तुम्ही स्वतः दूध सोडण्याचीही सहसा गरज नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, जी ऐकून पालकांना नवल वाटते : प्रथिनांच्या ॲलर्जीत लॅक्टोज हा शत्रूच नाही. शुद्ध लॅक्टोजने ॲलर्जी होत नाही, आणि ॲलर्जी असलेल्या बाळांसाठीच्या काही विशेष फॉर्म्युलांत लॅक्टोज मुद्दाम ठेवलेले असते. पुष्कळ गोळ्यांत भरणी म्हणून लॅक्टोज असते. ते पाहून औषध बंद करू नये. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. दम्याच्या काही कोरड्या पावडरीच्या इन्हेलरमध्ये लॅक्टोज वापरलेले असते, त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो, आणि तीव्र ॲलर्जी असलेल्यांत त्यामुळे प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी आहेत. पुढे कधी तसे औषध सुचवले गेले, तर ॲलर्जी आहे हे आवर्जून सांगावे.

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या लॅक्टोज-फ्री डब्यांविषयी वेगळे लिहितो, कारण तेथे गुंता जास्त आहे. जुलाबानंतर तात्पुरते देण्यासाठी जे लॅक्टोज-फ्री शिशुआहार मिळतात, त्यांतील काही सोयाच्या प्रथिनांपासून बनवलेले असतात, तर काही चक्क गाईच्या दुधाच्या केसिनपासून. दोन्हींच्या डब्यावर 'लॅक्टोज-फ्री' हेच शब्द असतात. त्यामुळे एखाद्या ॲलर्जीच्या बाळाला एक डबा चालतो, आई तोच शब्द पाहून दुसरा डबा आणते, आणि बाळ सुजते. घटकांच्या यादीत प्रथिन कोठून आले आहे, हे वाचल्याशिवाय असा डबा उघडू नये. ॲलर्जीच्या बाळांसाठी खरे पर्याय म्हणजे ज्यात प्रथिनांचे अतिशय बारीक तुकडे केलेले असतात तो पूर्ण विघटित फॉर्म्युला आणि तोही न चालल्यास अमिनो आम्लांचा फॉर्म्युला. 'अंशतः विघटित' असे लिहिलेला डबा ॲलर्जीत चालत नाही. सोयाचा फॉर्म्युला सहा महिन्यांनंतर अनेकांना चालतो, मात्र दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाचीही ॲलर्जी असते, म्हणून पहिल्यांदा देताना डॉक्टरांना विचारावे.

लॅक्टोज-फ्री नाही म्हटल्यावर पुढचे प्रश्न ठरलेलेच असतात, म्हणून तेही उरकतो. शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचे दूधही बाधते; म्हशीच्या दुधावरही भिस्त ठेवू नये. देशी गाईचे 'ए-टू' दूध घेऊनही काही फरक पडत नाही. ए-वन आणि ए-टू यांत बीटा-केसिनच्या साखळीतील एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे, आणि उरलेले केसिन व सगळी व्हे-प्रथिने तीच असतात. दूध उकळल्याने, अगदी आटवून बासुंदी केल्यानेही, केसिन टिकून राहते. तुपात प्रथिन अत्यल्प असते, तरीही ते शून्य आहे असे धरता येत नाही, विशेषतः घरच्या लोण्याच्या तुपात जेथे बेरी नीट गाळली जातेच असे नाही. ज्या मुलीचा ओठ दह्याने सुजला आहे तिला तूप द्यायचे की नाही, हे तिच्या डॉक्टरांनी ठरवावे.

बाजारातील पदार्थ वाचताना 'मिल्क सॉलिड्स', 'स्किम्ड मिल्क पावडर', 'व्हे', 'केसिन', 'सोडियम केसिनेट', खवा, मावा आणि पनीर हे सगळे दूधच समजावे. 'नॉन-डेअरी' क्रीमर हा लॅक्टोज-फ्रीच्या बरोबर उलट्या दिशेने फसवतो : नावात डेअरी नाही, पण अशा काही क्रीमरांत सोडियम केसिनेट, म्हणजे दुधाचेच प्रथिन असते. 2022 च्या नियमांनुसार येणारे व्हीगनचे हिरवे चिन्ह मदतीचे आहे, मात्र तेही घटक प्राणिज नाहीत असे सांगते. त्याच यंत्रावर आधी दुधाचा पदार्थ बनला होता का, हे ते सांगत नाही, म्हणून 'मे कन्टेन मिल्क' हीसुद्धा सूचना पाहावी.

मग मुलीला द्यायचे काय? या वयात दूध हे पोषणासाठी सोयीचे असते, अनिवार्य नसते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला भारतीय शिफारशींनुसार दिवसाला सुमारे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण एवढी नाचणी हे वय एका दिवसात खात नाही. तीस ग्रॅमच्या सत्त्वातून शंभरेक मिलिग्रॅम मिळेल. त्यामुळे नाचणी, तीळ, राजगिरा यांच्यावर सगळा भार न टाकता कॅल्शियम घातलेले सोया पेय रोजच्या आहारात ठेवावे, सोया आणि तीळ चालतात हे आधी पारखून. बदामाचे किंवा तांदळाचे पेय दुधासारखे पांढरे दिसते एवढेच; त्यांत प्रथिने फार कमी असतात, म्हणून या वयात त्यांना दुधाच्या जागी बसवू नये. प्रथिनांसाठी वरण, मुगाची खिचडी, आणि चालत असेल तर अंडे व मासे पुरेसे पडतात. वजन-उंचीची नोंद दर दोन-तीन महिन्यांनी ठेवावी, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व औषधातून द्यावे का, हे त्या नोंदीवरून डॉक्टर सांगतील.

मोठ्यांपैकी कोणाचे पोट दुधाने फुगत असेल, तर त्यांच्यासाठी लॅक्टोज-फ्री दूध हे अगदी योग्य आहे. फक्त मधुमेह असलेल्यांनी ते बिनसाखरेचे समजू नये, आणि गॅलेक्टोसेमिया नावाचा दुर्मीळ जन्मजात आजार असलेल्या बाळाला ते देऊ नये, कारण त्यात गॅलेक्टोज असतेच. त्या दुधाचा पेला, चमचा आणि खिरीचा डाव मुलीच्या भांड्यांत मिसळू देऊ नका. आजी-आजोबा आणि पाळणाघरातील ताई यांना 'लॅक्टोज चालत नाही' असे न सांगता 'कोणत्याही जनावराचे दूध आणि त्यापासून केलेले काहीही चालत नाही' असे सांगा. पहिल्या वाक्याने ते पुन्हा तेच पाकीट आणतील.

आणीबाणीची तयारीही आधी हवी. नुसत्या चार गांध्या उठल्या तर डॉक्टरांनी लिहून दिलेले ॲलर्जीचे औषध पुरते. परंतु खोकला, घरघर, आवाज बसणे, वारंवार उलटी, किंवा मूल एकदम मलूल होणे यांपैकी काही दिसले, तर त्या औषधाचा परिणाम होण्याची वाट न पाहता 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे, आणि तेथे 'दुधाची ॲलर्जी आहे, ॲड्रिनलिन लागेल' हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ॲड्रिनलिनचे स्वयंचलित पेन आपल्याकडे सर्वत्र सहज मिळत नाही. तुमच्या मुलीसाठी घरी कुपी आणि सिरिंज ठेवून ती वापरायला शिकवावी का, हे पुढच्या भेटीत तिच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

ही ॲलर्जी बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत ओसरते. वर उल्लेख केलेल्या बाळाची आम्ही दरवर्षी तपासणी करत राहिलो, आणि फुगवटा लहान होत गेल्यावर तिसऱ्या वर्षी त्याला रुग्णालयात दूध घालून भाजलेला केक थोडा थोडा देऊन पाहिला. ओव्हनमध्ये पिठासोबत 180 अंश सेल्सियसला अर्धा तास भाजल्यावर दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी करण्याची क्षमता बरीच घटते, आणि ॲलर्जी असलेली बरीचशी मुले असे भाजलेले दूध सहन करतात. त्याला ते चालले, म्हणून घरी त्याच कृतीचा केक ठरावीक प्रमाणात सुरू केला, आणि नंतरच्या चाचण्यांत क्रमाने दही आणि शेवटी साधे दूध दिले. या संपूर्ण क्रमात लॅक्टोज-फ्री दुधाला कोठेही पायरी नाही. 'आता मोठी झाली आहे, आधी सौम्य म्हणून लॅक्टोज-फ्री देऊन पाहू' असा प्रयोग घरी करणे म्हणजे थेट साध्या दुधानेच सुरुवात करणे होय. तुमच्या मुलीची पुढची चाचणी कधी करायची, हे दोन वर्षांची होताना तिच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तोवर तिला अजाणतेपणी दूध गेले आणि काहीच झाले नाही, असे घडले तर पदार्थ, प्रमाण आणि वेळ लिहून ठेवा. चाचणीची तारीख ठरवताना त्या नोंदीचा मोठा उपयोग होतो.